एक सेकंद म्हणजे किती किलो?

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर एका रविवारी १६०० मीटरची शर्यत १ मिनिट ३७ सेकंदांत जिंकली जाते आणि पुढच्या रविवारी तेवढ्याच अंतराच्या शर्यतीला १ मिनिट ३९ सेकंद लागतात. निकाल वाचणारा सहज म्हणेल, पहिला घोडा सरस. दोन सेकंद म्हणजे जवळपास बारा लेंथ, तीसेक मीटरची आघाडी. पण मधल्या आठवड्यात ट्रॅकला पाणी जास्त दिले गेले असेल, आतली रेल बाहेर सरकवली असेल आणि दुसऱ्या घोड्याच्या पाठीवर सात किलो जास्त असतील, तर दुसराच घोडा सरस ठरू शकतो. निकालात छापलेल्या वेळेतून हे सगळे वजा करून घोड्याची खरी कुवत एका आकड्यात मांडायची, याला स्पीड फिगर म्हणतात. हा आकडा बनवणे म्हणजे बेरीज-वजाबाकीच आहे, पण त्या वजाबाकीतली एक संख्या कुठेही छापून येत नाही. ती आपणच काढावी लागते, आणि सगळी गंमत तिथे आहे.

या कामाच्या दोन जुन्या शाळा आहेत. इंग्लंडमध्ये फिल बुल या गणित शिकलेल्या माणसाने वेळांवरून घोड्यांचे आकडे काढायला सुरुवात केली आणि १९४८ साली टाइमफॉर्म ही संस्था काढली. अमेरिकेत अँड्र्यू बेयर यांनी १९७५ साली ‘पिकिंग विनर्स’ या पुस्तकात आपली पद्धत उघड केली. १९९२ पासून त्यांचे आकडे ‘डेली रेसिंग फॉर्म’ या दैनिकात प्रत्येक घोड्याच्या नावापुढे छापले जातात. दोघांत मोठा फरक वजनाचा. बेयर यांच्या आकड्यात घोड्याने किती वजन वाहिले याचा हिशेब नसतो, टाइमफॉर्मच्या आकड्यात असतो. आपल्याकडे बहुतेक शर्यती हँडिकॅप असल्याने वजन सोडून चालत नाही, म्हणून इथे इंग्लंडची वाट धरू.

हँडिकॅप म्हणजे काय, ते आधी पाहू. मुंबई-पुण्याच्या शर्यतींत प्रत्येक घोड्याला क्लबचा हँडिकॅपर रेटिंग देतो. रेटिंगचा एक गुण म्हणजे अर्धा किलो. ४० ते ६६ रेटिंगच्या शर्यतीत ६६ वाल्याला ४० वाल्यापेक्षा २६ गुणांचे, म्हणजे १३ किलो जास्त वजन मिळते. जॉकी, खोगीर आणि कमी पडेल तेवढे शिसे, असे सगळे मिळून ते वजन भरते. हेतू असा, की चांगल्या घोड्याला ओझे द्यावे आणि कागदावर तरी सगळे एकाच वेळी विजयरेषेवर पोहोचावेत. आपला आकडाही याच गुणांत बांधला तर तो थेट हँडिकॅपरच्या रेटिंगशेजारी ठेवता येतो, म्हणून आपले मोजमापही अर्ध्या किलोचेच ठेवायचे.

आता सेकंदांचे किलो करायचे. यासाठी रेसिंगमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले कोष्टक आहे. पाच फर्लांगांच्या, म्हणजे १००० मीटरच्या धावेत एक लेंथ म्हणजे तीन पौंड, मैलाच्या शर्यतीत साधारण दोन पौंड, दीड मैलात दीड पौंड. अंतर वाढते तशी लेंथची किंमत उतरते. लांब पल्ल्यात तेवढ्याच कुवतीच्या फरकाने घोडे एकमेकांपासून जास्त लांब पडतात. चांगल्या, कोरड्या गवतावर एका सेकंदात सहा लेंथ धरतात. हे सगळे जुळवून पाहिले तर लक्षात ठेवायला सोपा नियम निघतो: वेळेत एक टक्का फरक म्हणजे सुमारे पाच किलो, म्हणजे दहा गुण. १६०० मीटरला ९७ सेकंद लागत असतील तर एक सेकंद म्हणजे दहा गुण. १२०० मीटरला ७० सेकंद लागत असतील तर एक सेकंद म्हणजे चौदा गुण. दीड मैलाच्या शर्यतीत हा नियम जुन्या कोष्टकापेक्षा थोडा कंजूष ठरतो, पण छोट्या आणि मधल्या अंतरांना चांगला चालतो.

टक्का काढायचा तर तो कशाचा? त्यासाठी प्रत्येक अंतराची प्रमाण वेळ लागते. इथे नवखे लोक ट्रॅकचा विक्रम प्रमाण म्हणून धरतात, आणि तिथेच पाया कच्चा राहतो. विक्रम हा एका दिवसाचा, एका घोड्याचा, कदाचित पाठीमागून वाहणाऱ्या वाऱ्याचा असतो. १२०० मीटरचा विक्रम एखाद्या असामान्य घोड्याच्या नावावर असेल आणि १४०० मीटरचा तितक्या तोलामोलाच्या घोड्याकडून झालेला नसेल, तर दोन्ही अंतरांची तुलनाच वाकडी होते. प्रमाण वेळ काढायची ती दोन-तीन हंगामांतल्या, ट्रॅक सर्वसाधारण असलेल्या दिवसांच्या विजेत्या वेळा घेऊन. प्रत्येक वेळ त्या विजेत्याचे रेटिंग आणि वजन पाहून एका ठरावीक घोड्यावर आणायची. समजा, रेटिंग ६० आणि पाठीवर ६० किलो. मग सगळ्या वेळा चढत्या क्रमाने मांडून मधली घ्यायची. सरासरी नको, कारण एखादी रेंगाळलेली शर्यत सरासरीला वर ओढते आणि मधल्या वेळेला तिचा धक्का लागत नाही.

इतकी तयारी झाली की शर्यतीचा दिवस हातात घेता येतो. एक नमुन्याचा दिवस रचू. घोडे आणि वेळा कल्पित आहेत, हिशेब मात्र खरा आहे.

पहिली शर्यत १२०० मीटर, प्रमाण वेळ ७० सेकंद, विजेत्याची ७१.२. म्हणजे १.२ सेकंद मागे, १७ गुण कमी. ६० तून १७ गेले, कच्चा आकडा ४३. आता विचारायचे, या घोड्याकडून अपेक्षा काय होती? आधीच्या शर्यतींवरून त्याचे रेटिंग ५८, पाठीवर ५९ किलो. ६० पेक्षा एक किलो कमी, त्याचे दोन गुण अधिक, म्हणून अपेक्षित आकडा ६०. मिळाले ४३. तूट १७ ची.

दुसरी शर्यत १६०० मीटर. प्रमाण ९७ सेकंद, प्रत्यक्ष ९९.४. कच्चा आकडा ३५. विजेत्याचे रेटिंग ४२, वजन ५७ किलो, अपेक्षा ४८. तूट १३. तिसरी १४०० मीटरची. तिचा हिशेब तसाच केला तर तूट १५ येते.

इथपर्यंतचे चित्र स्वच्छ आहे. तीन शर्यती, तीन वेगळी अंतरे, आणि घोडे कमी-अधिक पंधरा गुणांनी मागे. तीनही शर्यतींतले घोडे एकाच दिवशी सारखेच ढेपाळले असे होत नाही. घोडे नाहीत, ट्रॅक संथ आहे. हीच ती कुठेही न छापलेली संख्या: त्या दिवसाचा ट्रॅक व्हेरियंट. प्रत्येक कच्च्या आकड्यात ती मिळवायची.

पण दिवस अजून संपलेला नाही. चौथी शर्यत २००० मीटर, प्रमाण १२४ सेकंद, लागले १२९.५. तूट पन्नासच्याही वर. ट्रॅक अचानक चिखल झालेला नाही, कारण पुढच्या शर्यतीत तसे काही दिसत नाही. इथे झाले असे की पुढे राहायला कोणी तयार नव्हते. सगळे जॉकी लगाम धरून रमतगमत आले आणि शेवटच्या ६०० मीटरमध्ये खरी शर्यत झाली. अशी शर्यत व्हेरियंटच्या हिशेबातून सरळ बाजूला काढायची. तिच्यातल्या घोड्यांना जो आकडा मिळेल त्याचा अर्थ एवढाच, की घोड्याने किमान इतके केले. जास्त किती करू शकला असता, ते घड्याळ सांगणार नाही. शेवटच्या ६०० मीटरची वेगळी वेळ मिळत असेल तर शंका लगेच फिटते: एकूण वेळ रेंगाळलेली आणि शेवटचा टप्पा झपाट्याचा, म्हणजे सुरुवात संथ होती.

पाचवी शर्यत मला सगळ्यांत मोलाची वाटते. अंतर पुन्हा १२०० मीटर, वेळ ७०.४. कच्चा आकडा ५४. विजेता तरुण घोडा, रेटिंग ५०, पाठीवर ५८ किलो, म्हणून अपेक्षाही नेमकी ५४. तूट शून्य! आता दोन अर्थ निघतात. ऊन-वाऱ्याने ट्रॅक सुकून वेगवान झाला असेल, आणि घोड्याने फक्त नेहमीचे काम केले असेल. किंवा ट्रॅक आहे तसाच आहे आणि या घोड्याने पंधरा गुणांची उडी मारली आहे. पहिल्या अर्थाने तो ५० चाच, दुसऱ्याने ६५ चा. हँडिकॅपमध्ये हा फरक साडेसात किलोंचा आहे.

निवाडा विजेत्याकडे बघून होत नाही, त्याच्या मागच्यांकडे बघून होतो. दुसरा आलेला घोडा सहा लेंथ मागे आहे, म्हणजे एक सेकंद, चौदा गुण. त्याचा कच्चा आकडा ४०. तो जुना, ठरावीक चालीचा घोडा, रेटिंग ५२, वजन ५९, अपेक्षा ५४. तूट १४. तिसरा आणि चौथाही याच पट्टीत. म्हणजे मागचे तिघे दिवसभराच्या पंधरा गुणांच्या संथ ट्रॅकवर नेहमीसारखे धावले आणि पुढचा एकटा त्यांच्यापासून सुटला. ट्रॅक सुकला असता तर त्याचा फायदा चौघांनाही झाला असता. व्हेरियंट पंधराच ठेवायचा. विजेत्याचे ५४ अधिक १५, झाले ६९. तो हलक्या वजनावर धावला, ६० पेक्षा दोन किलो कमी, त्याचे चार गुण परत घ्यायचे. अंतिम रेटिंग ६५. दुसऱ्याचे ४० अधिक १५, वजा दोन, ५३. त्याच्या जुन्या ५२ शी मिळते.

म्हणूनच व्हेरियंट काढताना फक्त विजेत्यांवर विसंबू नये; वर पहिल्या तीन शर्यतींत केले ते निव्वळ सोयीसाठी. जिंकणारा घोडा बहुधा त्या दिवशी आपल्या रेटिंगपेक्षा थोडे चांगले धावलेला असतो, म्हणून तर तो जिंकतो. केवळ विजेत्यांचा हिशेब धरला तर ट्रॅक आहे त्यापेक्षा वेगवान वाटतो आणि दुरुस्ती अपुरी पडते. पहिल्या चौघांना घ्यावे, त्यातही पाच-सहा वर्षांच्या, कुवत स्थिरावलेल्या घोड्यांच्या शब्दाला जास्त वजन द्यावे. तीन वर्षांचा घोडा महिन्यागणिक वाढत असतो. त्याच्याकडून ट्रॅकची साक्ष घेणे धोक्याचे.

यात एक वर्तुळ आहे हे वाचकांच्या लक्षात आले असेल. घोड्यांवरून ट्रॅक ठरवायचा आणि ट्रॅकवरून घोडे. हे वर्तुळ टाळता येत नाही, पण त्यावर पहारा ठेवता येतो. हंगामाच्या शेवटी त्याच जुन्या, स्थिर घोड्यांची आपली रेटिंगे सुरुवातीशी ताडून पाहावीत. ती सगळीच आठ-दहा गुणांनी चढलेली दिसली तर घोडे सुधारलेले नाहीत, आपले मोजमाप फुगले आहे. ट्रॅकवर पेनिट्रोमीटर नावाचे उपकरण जमिनीत रोवून तिचा मऊपणा मोजतात. तो आकडाही जवळ ठेवावा. त्यावरून थेट व्हेरियंट निघत नाही, कारण वारा आणि रेल त्याला दिसत नाहीत, पण आपण ट्रॅक फार संथ ठरवला आणि पेनिट्रोमीटर रोजच्यासारखाच असेल तर थांबून पुन्हा पाहायला हवे.

रेलची गोष्ट थोडी निवांत सांगण्यासारखी आहे. आतल्या कडेचे गवत वाचावे म्हणून क्लब फॉल्स रेल लावतो, म्हणजे आतला कठडा काही मीटर बाहेर सरकवतो. सरळ धावपट्टीवर याने काही बदलत नाही. वळणावर बदलते. अर्धवर्तुळाच्या वळणावर रेल पाच मीटर बाहेर आली तर पाच गुणिले ३.१४, म्हणजे जवळजवळ सोळा मीटर जास्त धावावे लागतात. घोडा सेकंदाला सोळा-साडेसोळा मीटर धावतो, म्हणजे सुमारे एक सेकंद गेला. १६०० मीटरच्या शर्यतीत त्याचे दहा गुण, पाच किलो! कार्यक्रमपत्रिकेवर मात्र अंतर १६०० च छापलेले असते. रेल सरकली आहे आणि संपूर्ण वळण घेणाऱ्या लांब शर्यती सरळ भागातूनच बहुतेक धावणाऱ्या छोट्या शर्यतींपेक्षा सतत जास्त मागे पडत आहेत असे दिसले, तर दिवसाचे दोन व्हेरियंट करावे लागतात, एक छोट्या शर्यतींचा आणि एक लांबच्यांचा.

पुण्याच्या हंगामात तर दिवसात एक व्हेरियंट पुरेलच असे नाही. तो हंगाम पावसाळ्यातला. दुपारी तिसऱ्या शर्यतीनंतर सर कोसळली की चौथीपासून ट्रॅक वेगळा. अशा वेळी शर्यती क्रमाने मांडून तूट कशी वाढत गेली ते पाहावे. ८, १०, ९ आणि मग २२, २५, २४ असे दिसले तर दिवस दोन तुकड्यांत तोडावा. ८ नंतर २२ आणि पुन्हा ९ असे दिसले तर तो पाऊस नव्हे, ती मधली शर्यत रेंगाळली होती.

आता वजनाकडे. जुन्या निकालांची आकडेमोड करणाऱ्याला एक विचित्र गोष्ट दिसते: जास्त वजन वाहणारे घोडे जास्त वेळा जिंकतात. त्यावरून वजनाने काही फरक पडत नाही असे म्हणणारे भेटतात. पण जास्त वजन मिळते तेच मुळी चांगल्या घोड्याला. वजनाचा खरा परिणाम पाहायचा असेल तर तोच घोडा वेगवेगळ्या वजनांवर कसा धावला ते पाहावे लागते. तसे पाहिल्यावरही परिणाम सगळ्यांवर सारखा नसतो. दणकट घोडा दोन किलो सहज पचवतो, बारकी घोडी पचवत नाही. अर्ध्या किलोला एक गुण हा सरसकट नियम आहे. अमेरिकेतल्या बहुतेक शर्यतींत वजनांची दरी लहान असल्याने बेयर यांना वजन सोडून देणे परवडले. आपल्या १३ किलोंच्या दरीत ते सोडले तर तळाच्या वजनावर जिंकलेला प्रत्येक घोडा आपल्याला वीर वाटू लागेल, आणि पुढच्या वेळी वजन चढल्यावर तो कुठे गेला हे कळणार नाही.

आणि ही सगळी इमारत ज्यावर उभी आहे ती वेळच चुकली तर? १९७३ साली बाल्टिमोरला प्रीकनेस शर्यत सेक्रेटेरिएटने जिंकली. तिथल्या इलेक्ट्रॉनिक घड्याळाने १ मिनिट ५५ सेकंद दाखवले. ती वेळ चुकली हे उघड होते. ती १ मिनिट ५४.४ करण्यात आली, तर ‘डेली रेसिंग फॉर्म’च्या माणसांनी हातातल्या घड्याळावर १ मिनिट ५३.४ टिपले होते. वाद जवळपास चार दशके चालला. २०१२ साली मेरीलँडच्या रेसिंग कमिशनने चित्रफितींवरून वेळ १ मिनिट ५३ सेकंद ठरवली. पहिल्या आणि शेवटच्या वेळेत दोन सेकंद. आपल्या हिशेबात सतरा-अठरा गुण, जवळजवळ नऊ किलो. हे जगातल्या एका सर्वांत गाजलेल्या घोड्याच्या बाबतीत झाले, तिथे आठवड्याच्या दुपारच्या साध्या शर्यतीची छापील वेळ डोळे मिटून धरू नये. एकाच शर्यतीतले सगळे घोडे, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, इतर शर्यतींच्या तुलनेत वीस गुणांनी चढलेले दिसले तर संशय घड्याळावर घ्यावा आणि चित्रफितीवर गेट उघडल्यापासून वेळ स्वतः लावून पाहावी.

एवढी काळजी घेऊनही अंतिम आकडा चार-पाच गुणांनी इकडे-तिकडे असतोच. ६५ आणि ६३ यांच्यात मी फरक मानत नाही. ६५ आणि ५० यांच्यात मानतो. आपल्या पाचव्या शर्यतीतल्या घोड्याचे रेटिंग समजा हँडिकॅपरने ५० वरून ६० केले. आपल्या हिशेबाने तो अजून पाच गुण, अडीच किलो हलका धावणार, १२०० मीटरला दोन लेंथ. ही चूक-भुलीच्या काठावरची सवलत आहे. त्याच्या पुढच्या धावेपेक्षा मी आधी दुसरा, तिसरा आणि चौथा आलेले घोडे पुढे काय करतात ते पाहीन. ते तिघे ५३ च्या आसपासच धावले तर ६५ टिकतो. ते तिघेही पुढच्या वेळी ४० वर घसरले, तर त्या दुपारी शेवटच्या शर्यतीपर्यंत ट्रॅक खरोखर सुकला होता का, हे पाहण्यासाठी जुनी वही पुन्हा उघडून पाचव्या शर्यतीचा व्हेरियंट नव्याने काढायचा.